बँक स्टेटमेंट ते टॅली : संगणक अभियंत्याच्या जोडउत्पन्नाचे एक उदाहरण

नोकरी सांभाळून स्वतःचे एखादे छोटे सॉफ्टवेअर विकावे, असे वाटणारे संगणक अभियंते बहुधा आपल्याच व्यवसायबंधूंसाठी काहीतरी बनवू पाहतात. अभियंता मात्र सॉफ्टवेअरसाठी सहसा पैसे मोजत नाही; फुकटचे शोधतो किंवा स्वतः लिहितो. पैसे मोजणारा ग्राहक दुसरीकडे असतो. दर महिन्याला तेच ते काम हाताने करणाऱ्या आणि त्यासाठी माणसाला पगार देणाऱ्या कार्यालयांत तो सापडतो. करसल्लागार व सनदी लेखापालांची छोटी कार्यालये हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बँकेच्या स्टेटमेंटमधील व्यवहार टॅलीमध्ये चढविणे हे तेथील नित्याचे काम अनुभवी अभियंत्याच्या आवाक्यातील आहे.

हे काम किती मोठे असते, याचा अंदाज घेण्यासाठी एक हिशेब मांडता येईल. एका कार्यालयाकडे २५ व्यापारी ग्राहक आहेत आणि प्रत्येकाच्या खात्यात महिन्याला सरासरी १२० व्यवहार होतात, असे समजू. म्हणजे ३,००० नोंदी झाल्या. एका नोंदीस अर्धा मिनिट धरले तरी महिन्याला २५ तास केवळ टंकनात जातात. बहुतेक नोंदी आपोआप झाल्या आणि पाचांतली एकच, म्हणजे ६०० नोंदी, हाताने पाहाव्या लागल्या, तर तेच काम पाच तासांवर येते. वाचणारे वीस तास हीच या उत्पादनाची किंमत ठरविण्याची खरी फूटपट्टी आहे.

काम नेमके कसे चालते?

टॅलीमध्ये बाहेरून नोंदी घेण्याची सोय जुनी आहे. एक्सएमएल स्वरूपातील ठरावीक मांडणीची फाइल दिली की टॅली त्यातून व्हाउचर तयार करते. प्रत्येक व्हाउचरला तारीख, प्रकार, तपशील आणि किमान दोन खाती लागतात. त्यातील नावे बाजूची रक्कम उणे चिन्हाने लिहावी लागते आणि सर्व रकमांची बेरीज शून्य यावी लागते. नवख्याची पहिली गफलत येथेच होते. बँक आपल्या दृष्टीने ज्याला ‘क्रेडिट’ म्हणते, ती रक्कम व्यापाऱ्याच्या वहीत बँक खात्याला नावे पडते. ही उलटापालट लक्षात घेतली नाही, तर संपूर्ण महिन्याचे जमाखर्च उलटे होतात.

दुसरी अट खात्यांच्या नावांची. फाइलमधील खात्याचे नाव टॅलीतील नावाशी जुळले नाही, तर ती नोंद नाकारली जाते. म्हणून आज्ञावलीने सुरुवातीलाच त्या व्यापाऱ्याच्या खात्यांची यादी टॅलीतून मागवून घ्यावी आणि त्या यादीतूनच निवड करू द्यावी. पुढे तपशिलातील शब्दांवरून नियम बसविता येतात. तपशिलात महावितरणचे नाव आले तर वीजबिल खाते, अमुक पुरवठादाराचे नाव आले तर त्याचे खाते. हे नियम अकाउंटंटने एकदा ठरवायचे आणि आज्ञावलीने दर महिन्याला लावायचे. ज्याचा थांग लागत नाही, ती नोंद ‘सस्पेन्स’ खात्यात टाकावी. अंदाजाने कुठेतरी ढकलू नये. चुकीच्या खात्यात शांतपणे बसलेली नोंद शोधणे हे न झालेल्या नोंदीपेक्षा कितीतरी कठीण असते.

खरी अडचण पीडीएफमध्ये

एक्सेलमधील स्टेटमेंट वाचणे सोपे आहे. शिवाय टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एक्सेलमधून नोंदी घेण्याची सोय टॅलीनेच दिली आहे. त्यामुळे तेवढ्यावर धंदा उभा राहणार नाही. छोट्या उत्पादनाला हा धोका कायम असतो. ज्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या आधारावर ते उभे असते, तेच एके दिवशी ती सोय फुकट देते. मात्र पीडीएफ स्टेटमेंट आणि त्यातही सहकारी बँका व पतसंस्थांचे नाना तऱ्हांचे आराखडे हा भाग अजूनही किचकट आहे. महाराष्ट्रात अशा संस्थांचे जाळे मोठे असल्याने येथील अभियंत्याला हे नमुने हाताशी मिळतात.

पीडीएफमध्ये रकाने नसतात. पानावर अमुक ठिकाणी अमुक अक्षरे, एवढेच असते. लांबलचक तपशील दोन-तीन ओळींत सांडतो. ‘काढले’ आणि ‘भरले’ या दोन रकान्यांपैकी एक रिकामा असला की नुसती अक्षरे वाचणाऱ्या आज्ञावलीला रक्कम कोणत्या बाजूची हे कळत नाही. ती ओळीत डावीकडून किती अंतरावर छापली आहे, हे मोजावे लागते.

यावर एक भरवशाची कसोटी स्टेटमेंटमध्येच असते, ती म्हणजे प्रत्येक ओळीपुढील शिल्लक. समजा, आधीची शिल्लक ३५,७५० रुपये आहे आणि पुढच्या ओळीत १,१८० रुपये आहेत. आज्ञावलीने ते ‘भरले’ म्हणून वाचले, तर शिल्लक ३६,९३० यायला हवी. पण स्टेटमेंटवर ३४,५७० छापलेली आहे. फरक २,३६० रुपयांचा, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. याचा अर्थ रकाना चुकला. ते बँकेचे एक हजार रुपये शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी होते. फरक एखाद्या व्यवहाराच्या रकमेइतकाच असेल, तर एक ओळ गळाली किंवा दोनदा वाचली गेली असे समजावे. ही पडताळणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जुळल्याखेरीज फाइल तयारच होऊ नये, असा दंडक ठेवला तर निम्मी दुखणी संपतात.

उरलेल्या दुखण्यांत दोन मोठी. पहिले म्हणजे तीच फाइल दोनदा टॅलीत जाणे. त्यासाठी चढविलेल्या प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, तपशील आणि शिल्लक मिळून एक खूण जपून ठेवावी. शिल्लक त्यात हवीच, कारण एकाच दिवशी एकाच व्यक्तीला सारखीच रक्कम दोनदा दिली जाऊ शकते. दुसरे म्हणजे व्यापाऱ्याच्या स्वतःच्याच दोन खात्यांमधील व्यवहार. तो दोन्ही स्टेटमेंटमध्ये दिसतो. त्याची एकच ‘कॉन्ट्रा’ नोंद व्हायला हवी, अन्यथा तो वहीत दोनदा पडतो. स्कॅन केलेल्या स्टेटमेंटच्या वाटेला मात्र आरंभी जाऊ नये. तेथे तीनाचे आठ होतात आणि आधार म्हणून वापरायची शिल्लकही चुकीची वाचली जाते.

आधी सेवा, मग उत्पादन

या कामाचा आरंभ संकेतस्थळ किंवा देखणा पडदा बनविण्यापासून करू नये. ओळखीच्या एका कार्यालयाकडून तीन महिन्यांची स्टेटमेंट घ्यावीत, आपल्याच संगणकावर ओबडधोबड आज्ञावलीने फाइल तयार करून द्यावी आणि त्याचे पैसे मागावेत. कार्यालय पैसे देते का आणि पुढच्या महिन्यात स्वतःहून बोलावते का, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आली तरच पुढे जावे. पाच-सहा बँकांचे नमुने पचविल्यानंतर तीच आज्ञावली ग्राहकाच्या संगणकावर बसवून देता येते.

ती ग्राहकाच्याच संगणकावर चालणे दोन कारणांनी हिताचे. बँक स्टेटमेंट ही अत्यंत खासगी माहिती आहे. ती आपल्या सर्व्हरवर घेतली की वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याच्या जबाबदाऱ्या मागे लागतात आणि माहिती फुटल्यास एकट्या माणसाला त्या पेलणे अशक्य होते. शिवाय सर्व्हरचा मासिक खर्चही वाचतो.

पैशाचे आणि वेळेचे गणित

कार्यालयामागे वर्षाला ३,००० रुपये आकारले आणि ४० कार्यालये मिळाली, तर वर्षाचे १ लाख २० हजार रुपये होतात. पण प्रत्येक कार्यालयासाठी महिन्याला केवळ १५ मिनिटे दूरध्वनीवर द्यावी लागली, तरी महिन्याचे दहा आणि वर्षाचे १२० तास जातात. म्हणजे तासाला हजार रुपये पडले, तेही आज्ञावली लिहिण्यात गेलेला वेळ न धरता. एखाद्या बँकेने स्टेटमेंटचा आराखडा बदलला की त्या बँकेचे सारे ग्राहक एकाच दिवशी फोन करतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीच्या मुदती सामान्यतः ११ आणि २० तारखेला येतात. त्यामुळे हे फोन त्याच सुमारास, तेही कार्यालयीन वेळेत खणखणतात. नोकरदार अभियंत्याची खरी कोंडी येथे होते. यासाठी उत्तर संध्याकाळी सातनंतर मिळेल, ही अट विक्रीच्या वेळीच लेखी सांगणे आणि अडलेले स्टेटमेंट हाताने भरण्याची वाट कार्यालयाने मोकळी ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग. ग्राहकांची संख्याही फोन पेलतील इतकीच ठेवावी लागते.

नोकरीचा करार आधी वाचा

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी नियुक्तिपत्र वाचणे आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज्ञावली ही साहित्यकृतींत मोडते आणि नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. घरी, स्वतःच्या वेळेत लिहिलेले काम या व्याख्येत सहजी बसत नाही. परंतु अनेक करारपत्रांत नोकरीच्या काळात निर्माण केलेले सारे काही कंपनीचे, असे व्यापक कलम असते, तर काहींत अन्य व्यवसायास सरसकट बंदी असते. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळल्यावरून विप्रोने ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्विगीने मात्र पूर्वपरवानगीच्या अटीवर अशा कामास मुभा दिली होती. तेव्हा प्रश्न कंपनीगणिक बदलतो आणि त्याचे उत्तर लेखी परवानगीत असते. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ई-मेल आणि कंपनीची आज्ञावली यांचा स्पर्शही या कामाला होऊ देऊ नये.

कराच्या बाबतीत, हे उत्पन्न पगारात मोडत नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. त्यामुळे पगारदारांचा सोपा ‘आयटीआर-१’ अर्ज चालत नाही. त्या कामासाठी झालेला खर्च वजा मिळू शकतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी साधारणतः वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास लागते. चाळीस कार्यालयांचा हा उद्योग त्यापासून फार दूर आहे. या शंकांचे निरसन करण्यासाठी सल्लागार शोधायलाही लांब जावे लागणार नाही. त्याच्याच कार्यालयात तर ही आज्ञावली चालणार आहे.