‘पाच मिली दिले तर चालेल ना?’

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या मोबाइलवर रात्री नऊच्या सुमारास एक निरोप येतो, असे समजू : ‘उद्या दवाखाना किती वाजता उघडतो? बाळाला सकाळपासून ताप आहे. तापाचे औषध पाच मिली दिले तर चालेल ना?’ दवाखान्याने स्वयंचलित उत्तराची सोय केलेली असते. यंत्रणेला ‘किती वाजता’ हे शब्द ओळखता येतात. क्षणात उत्तर जाते : ‘दवाखाना सकाळी दहा वाजता उघडेल. धन्यवाद.’ यंत्रणेच्या लेखी प्रश्न निकालात निघालेला असतो. आई मात्र हाती औषधाची बाटली घेऊन तशीच बसलेली असते.

यंत्रणेने औषधाविषयीही उत्तर दिले असते, तर धोका अधिकच वाढला असता. लहान मुलांना पॅरासिटामॉल वजनानुसार देतात. एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. बाळ आठ किलोचे असेल, तर ती जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम होते. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असलेले सिरप घरात असेल, तर आईचा हिशेब बरोबर ठरतो. पण पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असलेले सिरपही बाजारात मिळते. त्यातून दुपटीहून अधिक औषध पोटात जाईल. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम औषध असते. त्यातले पाच मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, अर्थात चौपटीहून अधिक. शिवाय बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर मात्रेचा प्रश्न बाजूला ठेवून त्याला तातडीने डॉक्टरांकडे नेणेच आवश्यक ठरते. वय, वजन आणि बाटलीवरील मजकूर, यांपैकी एकही गोष्ट त्या निरोपात नाही. त्या विचारून घेणे हे जाणकार माणसाचेच काम आहे.

कायद्याची चौकटही हेच सांगते. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरांचे आहे.

नियम उलटा हवा

अनेक ठिकाणी ‘ताप’, ‘दुखणे’, ‘औषध’ अशा शब्दांची यादी करून ते आले की निरोप कर्मचाऱ्यांकडे वळवला जातो. ही यादी कधीच पुरी पडत नाही. कोणी ‘अंग गरम लागतंय’ असे लिहितो, कोणी रोमन लिपीत ‘taap’, तर कोणी ‘बाळ दूधच घेत नाही’ एवढेच लिहितो. म्हणून नियम उलट्या दिशेने करावा लागतो. यंत्रणेने वेळ, पत्ता, तपासणी शुल्क आणि नंबर लावणे एवढ्याच ठरावीक प्रश्नांना उत्तर द्यावे. बाकी सारे निरोप माणसाकडे जावेत. एकाच निरोपात दोन्ही गोष्टी असतील, तर संपूर्ण निरोप माणसाकडेच जावा. छायाचित्र व ध्वनिमुद्रित निरोप यांनाही हाच नियम लावावा.

पोहोच म्हणजे उत्तर नव्हे

असा निरोप आल्यावर यंत्रणेने केवळ पोहोच द्यावी : निरोप परिचारिकेकडे दिला आहे, त्या अमुक वेळेपर्यंत फोन करतील, बाळ निपचित वाटत असेल, श्वास घेताना त्रास होत असेल किंवा झटका आला असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा अथवा जवळचे रुग्णालय गाठावे. ‘काळजी करू नका’ हे शब्द त्यात नसावेत, कारण तोही एक वैद्यकीय सल्लाच ठरतो.

पुढची पायरी जबाबदारीची. स्वागतकक्षातील व्यक्तीने स्वतः उत्तर न देता, निरोप सारांश न करता मूळ शब्दांत पुढे पाठवावा. निरोप कोणीतरी पाहिला एवढे पुरेसे नाही. तो कोणी हाती घेतला, हे नावानिशी नोंदले जावे. दवाखान्याने ठरवलेल्या वेळेत, उदाहरणार्थ १५ मिनिटांत, परिचारिकेने तो घेतला नाही तर डॉक्टरांचा फोन वाजावा. रात्री कोणीच उपलब्ध नसेल, तर पोहोचेत तसे स्पष्ट सांगून जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाचा क्रमांक द्यावा. न पाळता येणारी वेळ देण्यापेक्षा हे बरे. निरोप ‘पूर्ण’ झाल्याची नोंद परिचारिकेने किंवा डॉक्टरांनीच, पालकांशी बोलणे झाल्यावर करावी.

ही व्यवस्था खरोखर चालते का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो रात्री किंवा रविवारी, दवाखान्यातीलच कोणी वरच्यासारखा दुहेरी प्रश्न पाठवावा आणि फोन किती वेळात येतो ते पाहावे. त्याच वेळी यंत्रणेने परस्पर निकालात काढलेले निरोप वाचून काढावेत. एखाद्या ‘धन्यवाद’नंतर बाळाच्या तापाचा प्रश्न तसाच राहिलेला असेल, तर तो तिथेच सापडतो.