टाचणीखालची भुकटी

पेटीत टाचून ठेवलेल्या फुलपाखराखाली तपकिरी भुकटी दिसली, की समजावं, आत अँथ्रेनस भुंगेऱ्याची अळी शिरली आहे. ही भुकटी म्हणजे तिची विष्ठा आणि पोखरलेल्या किड्याचा चुरा. सोबत केसाळ कातीही सापडतात. प्रौढ भुंगेरा बिचारा फुलांतले पराग खातो, नासधूस करते ती अळी. तिला वाळकं खाद्यच चालतं, त्यामुळे नमुना कितीही वाळवला तरी ती हटत नाही. डांबरगोळ्यांचा वास तिला फार तर दूर ठेवतो. आत शिरलेली अळी त्याने मरेलच असं नाही. त्यापेक्षा पेटी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नका. पेटी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार नमुन्यांवर दमट हवेतलं पाणी धरतं आणि मग बुरशी येते.