इसार न देता अडकलेली कंपनी

घर घेताना आपण इसार देतो. तो हातात पडला की घरमालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर दाखवायचं थांबतो. स्टार्टअपमध्ये पैसा येतो तेव्हा मात्र गुंतवणूकदार एक रुपयाही पुढे न करता कंपनीला थांबवून ठेवू शकतो. हे ज्या कागदामुळे घडतं, त्याला टर्म शीट म्हणतात.

काही पानांच्या या कागदावर किती पैसे येणार, कंपनीची किंमत किती धरली आणि गुंतवणूकदाराला किती हिस्सा व कोणते हक्क मिळणार, हे लिहिलेलं असतं. सोबत एक वाक्य असतं: अमुक कलमं वगळता हा कागद बंधनकारक नाही. संस्थापक किमतीचा आकडा वाचून खूश होतात, पण तो बंधनकारक नसलेल्या भागात असतो. त्यांना बांधणारी कलमं बहुधा शेवटच्या पानावर असतात.

समजा, पुण्यातल्या दोघी मैत्रिणींची दूध शीतकरण केंद्रांसाठी तापमान मोजणारी यंत्रं बनवणारी कंपनी आहे. गुंतवणूकदार म्हणतो, कंपनीची आजची किंमत 20 कोटी धरतो आणि 5 कोटी घालतो. म्हणजे पैसे आल्यावर कंपनी 25 कोटींची आणि त्याचा हिस्सा 20 टक्के. हे दिलेलं वचन नव्हे. तो उद्या मागे फिरला, तर सहसा या दोघींना कोर्टात जाऊन 5 कोटी मागता येणार नाहीत. पैशाची खरी बांधिलकी शेअर खरेदीचा आणि भागधारकांचा करार सह्यांनिशी पूर्ण झाल्यावरच येते.

पण त्याच कागदावर लिहिलेलं असतं की, पुढचे 60 दिवस कंपनी आणि संस्थापक दुसऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराशी बोलणी करणार नाहीत. हे एक्सक्लुझिव्हिटीचं कलम मात्र बंधनकारक असतं. गुप्ततेचंही तसंच: टर्म शीट दाखवून दुसऱ्याकडून जास्त किंमत काढता येत नाही. वकिलांचा खर्च कोणी सोसायचा आणि वाद कुठे चालवायचा, ही कलमंही बांधणारीच.

आता दिवस मोजा. सहीच्या दिवशी कंपनीच्या खात्यात 48 लाख आहेत आणि महिन्याचा खर्च 12 लाख, म्हणजे चार महिन्यांची शिदोरी. गुंतवणूकदाराचे वकील आणि सीए कागदपत्रं तपासू लागतात. पन्नासाव्या दिवशी सापडतं की, यंत्रातलं सॉफ्टवेअर ज्या फ्रीलान्सरने लिहिलं, त्याच्याकडून हक्क लेखी घेतलेलेच नाहीत. गुंतवणूकदार म्हणतो, आता 20 नव्हे, 15 कोटी. त्याच 5 कोटींना हिस्सा 25 टक्के होतो. त्याने कोणतंही कलम मोडलेलं नाही. दोघी नाही म्हणू शकतात, पण साठाव्या दिवशी खात्यात 24 लाख उरतील आणि नवा गुंतवणूकदार शोधायला दोन-तीन महिने सहज लागतील. कायद्याने न बांधलेली किंमत शिलकीच्या आकड्याने बांधली जाते.

तिसाव्या दिवशी त्या दुसऱ्या कुणाशी बोलल्या असत्या तर? तो करारभंग. सही कंपनीच्या वतीने आणि स्वतःच्या नावानेही केली असेल, तर नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यावर व्यक्तिशः येऊ शकतो.

म्हणून माझ्या मते किमतीवर घासाघीस करण्याआधी शेवटच्या पानावर करावी. मुदत 30 दिवसांची मागावी. गुंतवणूकदाराने किंमत कमी करण्याचा प्रस्ताव दिला किंवा माघार घेतली, तर एक्सक्लुझिव्हिटी त्याच क्षणी संपेल, असं एक वाक्य घालून घ्यावं. वरच्या उदाहरणात या वाक्याने पन्नासाव्या दिवशी दोघी मोकळ्या झाल्या असत्या. त्याच्या वकिलांचा खर्च कंपनीने द्यायचा असेल, तर त्याला आकड्याची मर्यादा हवी आणि तो पैसे खात्यात आल्यावरच देय व्हावा. नाहीतर व्यवहार फिसकटतो आणि बिल तेवढं येतं. सॉफ्टवेअरच्या हक्कांसारखे कागद तर सहीच्या आधीच पुरे करावेत.

बंधनकारक नाही असं लिहिलं की वाद मिटला, असंही नाही. ओयो आणि झोस्टेल यांच्यात 2015मध्ये टर्म शीट झाली. ती गुंतवणुकीची नव्हे, झोस्टेलचा व्यवसाय ओयोने घेण्याची होती. व्यवहार पुरा झाला नाही. झोस्टेलचं म्हणणं, आम्ही आमची बाजू पार पाडली. ओयोचं म्हणणं, कागद बंधनकारकच नव्हता. 2021मध्ये लवादाने झोस्टेलच्या बाजूने कौल देत टर्म शीट बंधनकारक ठरवली. मे 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. तोवर सहीला साडेनऊ वर्षं होत आली होती. अंतिम करार होण्याआधीच व्यवहार अमलात आणायला सुरुवात केली, की वाद कागदावरच्या शब्दांपुरता राहत नाही, दोन्ही बाजू कशा वागल्या याचीही छाननी होते.