हॉस्टेलचा पहिला फोटो आणि त्याखालच्या दोन ओळी

जून-जुलैत पुण्यातली हॉस्टेलं भरू लागली की गावाकडच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर तसलेच फोटो येऊ लागतात: लोखंडी कॉट, बादली, बॅगा आणि मधे हसरा चेहरा. खाली लिहायचं काय, इथं मात्र मुलं अडतात. अंबाजोगाईहून आलेल्या माझ्या भाचीनं आधी असं लिहिलं होतं:

‘नवी सुरुवात! अखेर स्वातंत्र्य! घरची खूप आठवण येतेय. गादी बेकार आहे.’

यात खोटं काहीच नाही, पण या ओळी शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या फोटोखालीही चालल्या असत्या. शिवाय तिन्ही गोष्टी सुट्या पडल्या आहेत. त्यांना जोडणारी वस्तू फोटोतच होती, ती म्हणजे गादी.

हॉस्टेलची कापसाची गादी वर्षानुवर्षं एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाते. अंगाच्या भारानं कापूस दबतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि कमरेचं वजन जिथं पडतं तिथं खड्डा पडतो. घरी अशी गादी उसवून कापूस पिंजून घेतात, तो पुन्हा फुगतो. हॉस्टेलात ते सहसा कुणी करत नाही. म्हणून आईनं दिलेली गोधडी गादीवर अंथरायची आणि पडायचं. भाचीनंही तेच केलं होतं. त्या रात्री ती बराच वेळ जागी होती. दिवा बंद कर म्हणणारं कुणी नव्हतं.

मी तिला एवढंच म्हटलं, ‘हेच लिही की.’ तिनं लिहिलं:

‘गादीत आधीच्या मुलींनी पाडलेला खड्डा आहे. रात्री दोनला दिवा चालू, कुणी ओरडलं नाही. कूस बदलली की आईची गोधडी हाताला लागते.’

आता ‘स्वातंत्र्य’ आणि ‘आठवण’ हे दोन्ही शब्द गेले, तरी दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याला कळतात. क्रमही महत्त्वाचा आहे. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण लांब मजकुराचा सुरुवातीचा भागच आधी दिसतो, बाकीचा उघडावा लागतो. म्हणून डोळ्यांपुढे येईल अशी वस्तू पहिल्या ओळीत हवी. घर शेवटी यावं, आणि तेही हलक्या हातानं. सुरुवातच आठवणीनं केली, तर आई पुढचं वाचायच्या आधी फोन लावते आणि रडते का म्हणून विचारते. तिच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

वसतिगृहाचं नाव आणि खोलीचा क्रमांक मात्र ओळीतही नको आणि फोटोतही नको. मागच्या दारावर क्रमांक रंगवलेला असेल तर कॅमेरा खिडकीकडे वळवा. आणि फोटो टाकण्याआधी ती ओळ मैत्रिणीच्या फोटोखाली ठेवून पाहा. तिथंही चपखल बसली, तर ती खोडा आणि आपल्या कॉटकडे पुन्हा एकदा नीट बघा.