पासवर्डचा रकाना रिकामा करताना

एखाद्या वेबसाइटवर तुम्ही ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली आणि ईमेलमध्ये तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा आला, तर त्या साइटने तो तिच्या टेबलात उघडा लिहून ठेवला आहे किंवा परत वाचता येईल असा ठेवला आहे, हे नक्की. नीट बांधलेल्या साइटला तो सांगताच येत नाही, कारण तिच्याकडे तो नसतोच.

उघडे पासवर्ड ठेवल्यावर काय होते, हे 2009 च्या डिसेंबरमध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत दिसले. तिच्या डेटाबेसमधून 3 कोटी 20 लाखांहून अधिक पासवर्ड बाहेर पडले आणि फोडण्याजोगे त्यात काही नव्हतेच, सगळे वाचता येत होते. सुमारे 2 लाख 90 हजार लोकांचा पासवर्ड ‘123456’ होता. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते.

यावरचा उपाय म्हणजे हॅश. पासवर्ड एका गणिती प्रक्रियेतून काढायचा आणि बाहेर पडलेली अक्षरांची माळ तेवढी साठवायची. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसा हॅशवरून पासवर्ड मिळत नाही. लॉगिनच्या वेळी माणसाने टाइप केलेला पासवर्ड त्याच प्रक्रियेतून काढतात आणि दोन्ही माळा जुळतात का ते पाहतात.

पण कुठलाही हॅश चालत नाही. एमडी5 सारखी जुनी पद्धत मुळात वेगासाठी बनवलेली. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज करून पाहू शकते. शिवाय ‘123456’ चा एमडी5 हॅश जगात सगळीकडे एकच, `e10adc3949ba59abbe56e057f20f883e`. एकाचा उलगडला की सगळ्यांचा उलगडला. म्हणून 1999 मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेली बीक्रिप्ट पद्धत मुद्दाम संथ आहे आणि ती प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी, यादृच्छिक भर घालते. या भरीला सॉल्ट म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेल्या माळा वेगळ्या दिसतात. पीएचपीने बनवलेल्या माळेच्या सुरुवातीला `$2y$12$` असे दिसले, तर त्यातला 12 म्हणजे 2 चा 12 वा घात, म्हणजे 4096 फेऱ्या. आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट. पुढची 22 अक्षरे सॉल्टची आणि शेवटची 31 हॅशची, मिळून 60. नवीन काम सुरू करणारे आता आर्गॉन2 ही पद्धतही घेतात. तिला वेळेबरोबर मेमरीही भरपूर लागते, म्हणून ग्राफिक्स कार्डाचा फायदा आणखी घटतो.

आता जुने टेबल कसे बदलायचे ते पाहू. समजा, एका पतसंस्थेची जुनी साइट आहे, `users` टेबलात 40,000 सभासद आहेत आणि `password` हा रकाना उघडा आहे. सगळ्यात आधी ‘पासवर्ड विसरलात’ची सोय बदलायची. पासवर्ड पाठवायचा नाही, थोड्या वेळापुरती चालणारी आणि एकदाच वापरता येणारी लिंक पाठवायची. ही सोय आधी का हवी, ते पुढे कळेल.

मग टेबलात `password_hash` नावाचा नवा रकाना घालायचा, 255 अक्षरांचा, म्हणजे उद्या पद्धत बदलली तरी जागा पुरेल. त्यानंतर साइटचा कोड बदलायचा. नवी नोंदणी आणि पासवर्डबदल फक्त नव्या रकान्यात लिहायचा. पासवर्डबदल करताना त्या सभासदाचा जुना रकाना त्याच वेळी रिकामा करायचा. लॉगिनच्या वेळी हॅश असेल तर तोच तपासायचा, नसेल तर जुना रकाना पाहायचा. पीएचपीत मुख्य काम दोन ओळींचे आहे:

```php
$hash = password_hash($password, PASSWORD_DEFAULT);
$ok = password_verify($password, $row['password_hash']);
```

हे सुरळीत चालू झाले की उरलेल्यांचे रूपांतर एका रात्रीत करायचे. पासवर्ड उघडे असल्याने सभासद लॉगिन करेपर्यंत थांबायची गरज नाही. एका हॅशला पाव सेकंद धरला तर 40,000 ना 10,000 सेकंद लागतात. प्रत्येक हॅश लगेच तपासूनही पाहायचा, म्हणजे वेळ दुप्पट, साधारण साडेपाच तास. तपासणी बरोबर आली की मगच:

```sql
UPDATE users
SET password_hash = ?, password = NULL
WHERE id = ? AND password_hash IS NULL;
```

शेवटची अट महत्त्वाची आहे. काम चालू असताना एखाद्याने पासवर्ड बदलला, तर त्याचा नवा हॅश जुन्याने पुसला जाऊ नये. आणि जुन्या रकान्यात `NULL` हवा, रिकामी अक्षरमाळ नको. जुन्या कोडचे एखादे पान कुठे विसरून चालू राहिले असेल, तर रिकामा पासवर्ड रिकाम्या रकान्याशी जुळेल आणि कोणीही आत शिरेल.

दुसऱ्या दिवशी काही सभासदांचे फोन येतील: “काल चालत होता, आज चालत नाही.” बहुतेकदा कारण एकच असते. मायएसक्यूएलमध्ये साध्या तुलनेत लहान-मोठी इंग्रजी अक्षरे सहसा सारखीच धरली जातात. `Satara99` ठेवणारा वर्षानुवर्षे `satara99` टाइप करून आत येत होता. हॅशला हा फरक कळतो. अशांसाठीच ती लिंक आधी तयार हवी. देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच पाहते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, 3 बाइट घेते. म्हणजे 24 चिन्हांपुढचे काही मोजलेच जात नाही. लांबीची मर्यादा फॉर्मवरच सांगावी.

सगळे झाले तरी ‘असू दे, लागला तर’ म्हणून जुना रकाना ठेवायचा मोह होतो. हा मोह किती महाग पडतो, हे 2015 च्या ‘अ‍ॅशली मॅडिसन’ प्रकरणात दिसले. तिथे सुमारे 3 कोटी 60 लाख पासवर्ड बीक्रिप्टने, 12 च्या पातळीवर, नीट हॅश केलेले होते. पण लाखो खात्यांसाठी त्याच डेटाबेसमध्ये आणखी एक रकाना होता. त्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लहान अक्षरांत आणून काढलेला एमडी5 होता. अभ्यासकांनी बीक्रिप्टला हात न लावता तो वेगवान रकाना फोडला, मग लहान-मोठ्या अक्षरांच्या मोजक्या जोड्या बीक्रिप्टवर ताडून पाहिल्या. जेमतेम दहा दिवसांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक पासवर्ड मिळाले. मजबूत कुलपाशेजारी तकलादू कुलूप ठेवले, तर तकलादू तेवढेच खरे.

म्हणून `password_hash IS NULL` असलेल्या ओळी शून्य झाल्या की `password` रकाना काढून टाकायचा. जुने बॅकअप, कार्यालयातल्या संगणकावरची एक्सेल फाइल, चाचणीसाठी काढलेली प्रत आणि लॉगिनचा मजकूर टिपणाऱ्या लॉग फाइल्सही शोधून नष्ट करायच्या. इतक्या वर्षांत त्या किती जणांच्या हाती गेल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे रूपांतर झालेले पासवर्डही फुटले आहेत असेच धरावे आणि सगळ्या सभासदांना ते बदलायला सांगावे. हाच पासवर्ड ईमेलला किंवा बँकेच्या खात्याला वापरला असेल तर तिथेही बदला, असे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. नव्या फॉर्मवर ‘123456’ मुळात स्वीकारूच नये, कारण तो कुठल्याही संथ हॅशमागे ठेवला तरी पहिल्याच अंदाजात सापडतो.