कोड स्कॅन केल्याने पैसे येत नाहीत, जातात

मालेगावातील आमच्या ओळखीच्या एका साडी व्यापाऱ्यांना गेल्या हंगामात फोन आला. समोरच्याने सलाम केला, मालाची चौकशी केली आणि २१० रुपये भावाने ६० साड्यांचा सौदा ठरवला. एकूण रक्कम १२,६०० झाली. "चाचा, निम्मा बयाणा आत्ताच पाठवतो. मोबाइलवर एक कोड पाठवला आहे. तो स्कॅन करून पिन टाका, ६,३०० रुपये तुमच्या खात्यात येतील," असे तो म्हणाला. चाचांनी तसे केले आणि ६,३०० रुपये गेले. त्यांनी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "चूक झाली, दुसरा कोड पाठवतो, त्याने दोन्ही रकमा परत येतील." तोही स्कॅन झाला. कारागिरांच्या हप्त्यासाठी ठेवलेले १२,६०० रुपये दहा मिनिटांत गेले आणि साड्या दुकानातच राहिल्या.

चाचा अडाणी नाहीत. त्यांच्या गल्ल्यावरही कोडची पाटी आहे आणि तिच्यामुळे रोज पैसे येतात. म्हणून कोड म्हणजे पैसे येण्याची वस्तू, असा त्यांचा समज झाला. परंतु गल्ल्यावरचा कोड स्कॅन कोण करतो? गिऱ्हाईक करते. पैसे कोणाचे जातात? त्याच गिऱ्हाइकाचे. जो स्कॅन करतो तो देतो, आणि ज्याचा कोड असतो त्याला मिळतात.

पूर्वी आपण मनीऑर्डरचा फॉर्म भरत असू. कोणी आपले नाव, पत्ता व रक्कम अगोदरच लिहिलेला फॉर्म आपल्या हाती दिला आणि "हा खिडकीवर द्या, तुम्हाला पैसे मिळतील" असे सांगितले, तर आपण हसलो असतो. क्यूआर कोड हा तसाच भरलेला फॉर्म आहे. त्या काळ्या ठिपक्यांत साधारणपणे असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=name@bank&pn=NAME&am=6300&cu=INR&tn=ADVANCE%20RECEIVED
```

`pay` म्हणजे पैसे द्या. `pa` हा घेणाऱ्याचा पत्ता, `pn` त्याचे नाव, `am` रक्कम. शेवटचे `tn` म्हणजे शेरा. शेऱ्यात कोणीही काहीही लिहू शकतो. चाचांच्या पडद्यावर 'बयाणा मिळाला' या अर्थाचे इंग्रजी शब्द होते ते येथूनच आले. ते शब्द बँकेचे नव्हते, ठगाचे होते. या मजकुरात स्कॅन करणाऱ्याच्या खात्याचा पत्ता कोठेच नाही. मग त्याच्याकडे पैसे येणार कसे?

ही लबाडी मोबाइलचा पडदा स्वतःच उघडी पाडतो, फक्त तो वाचला पाहिजे. स्कॅन झाल्यावर पहिल्या पडद्यावर समोरच्याचे नाव आणि रक्कम दिसते व खाली Pay असे बटण असते. तेथे आपले नाव नसते. पुढे पिनचा पडदा येतो. त्यावर To पुढे घेणाऱ्याचे नाव असते आणि Sending पुढे रक्कम. Sending म्हणजे पाठवत आहात. ठग फोन चालू ठेवून घाई करतो, ती हा पडदा वाचू नये म्हणूनच. इंग्रजी वाचता येत नसेल, तर घरातील शिकलेल्या मुलाला दाखवावे. तेवढा वेळ खऱ्या खरेदीदाराला जड जात नाही.

पिन दोनच कारणांनी मागितला जातो असे सर्वसाधारणपणे धरावे: खात्यातून पैसे काढण्यास किंवा शिल्लक पाहण्यास. पैसे येण्यास पिन लागत नाही. मोबाइल बंद असला तरी रक्कम खात्यात जमा होते. आता काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा वा चेहरा चालतो, त्यालाही हाच नियम लावावा. एक सावधगिरी मात्र हवी. यूपीआय लाइट चालू असेल, तर लहान रकमा पिनशिवायच जातात. तेथे Pay दाबणे हाच शेवटचा टप्पा आहे. केवळ स्कॅन करून थांबलात, तर पैसे जात नाहीत. तेथूनही मागे फिरता येते.

काही ठग आधी खरोखरच पाच-दहा रुपये पाठवतात. ते आमिष असते. ते रुपये कोणताही कोड स्कॅन न करता आलेले असतात, हे लक्षात घ्यावे. ज्याला दहा रुपये तसे पाठवता आले, त्याला ६,३०० साठी आपल्याकडून स्कॅन कशाला हवे?

बयाणा घ्यायचा असेल तर आपला कोड वा नंबर आपणच द्यावा, आणि माल बांधण्यापूर्वी जमा झालेली रक्कम खात्यात पाहावी. समोरच्याने पाठवलेले चित्र ही पावती नव्हे. फसगत झालीच तर लाजून बसू नये. लगेच १९३० या नंबरावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यात हलवण्यापूर्वी अडवले गेले, तरच ते वाचण्याची आशा असते. चाचांनी लाजेपायी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तोवर ते खाते रिकामे झाले होते.