झेरॉक्समध्ये आटलेला महाराष्ट्र

१:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर मुंबई आणि पुणे यांच्यात सरळ पट्टी ठेवली, तर अंतर साधारण १२ सेंटिमीटर भरतं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा लाख सेंटिमीटर, म्हणजेच १० किलोमीटर. त्यामुळे ही दोन शहरं सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर आहेत. सहावी-सातवीतल्या मुलांना एवढं गणित सहज जमतं.

आता त्याच नकाशाची निम्म्या आकाराची झेरॉक्स काढा. पट्टीवर ६ सेंटिमीटरच भरतील, पण कोपऱ्यात प्रमाण मात्र १:१०,००,००० असंच छापलेलं राहील. मुलं उत्तर देतील, ६० किलोमीटर! नकाशा आटला की आकड्यांत किंवा शब्दांत लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं. खरं प्रमाण आता १:२०,००,००० झालेलं असतं. नकाशाखालची रेषा, म्हणजे रेषाप्रमाण, मात्र नकाशाबरोबरच आटते, म्हणून तिच्यावरून मोजलेलं अंतर बरोबर येतं. शक्य असेल तर हा प्रयोग वर्गात करून दाखवावाच. नुसत्या व्याख्येने हा फरक मुलांच्या लक्षात येत नाही.

पुढे दोरा घ्या. मुंबई-पुणे लोहमार्गाच्या वळणांवरून तो हलक्या हाताने ठेवत न्या, शेवटी खूण करा आणि सरळ करून रेषाप्रमाणावर मोजा. अंतर १२० पेक्षा बरंच जास्त येईल. तरीही ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे या १९२ किलोमीटरच्या रेल्वे-अंतरापेक्षा थोडं कमीच भरण्याची शक्यता असते, कारण एवढ्या लहान नकाशात बोरघाटातली बारीक वळणं काढताच येत नाहीत, ती सरळ करून टाकलेली असतात. मोजणाऱ्याचा हात चुकलाय असं समजून मुलांना रागावू नये.

मग वर्गाचा आराखडा. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद असेल आणि १ सेंटिमीटर = ५० सेंटिमीटर असं प्रमाण घेतलं, तर कागदावर १२ × १० सेंटिमीटरचा चौकोन येतो. भिंती मुलं मोजून काढतात, बाकं मात्र अंदाजाने! एक मीटरचं बाक २ सेंटिमीटरचंच हवं. शेवटची रांग भिंतीबाहेर जाऊ लागली, की कुठेतरी प्रमाण सुटलंय हे त्यांचं त्यांनाच कळतं.

प्रश्न :
१. १:५०,००० नकाशावर शाळा आणि नदी यांत ४ सेंटिमीटर अंतर आहे. प्रत्यक्षात किती?
२. गावातल्या विहिरी कुठे दिसतील, १:१०,००० च्या नकाशात की १:१०,००,००० च्या?
३. १:५०,००० नकाशावर तलाव २ × २ सेंटिमीटरचा चौरस आहे. क्षेत्रफळ किती?

उत्तरं : १. २ किलोमीटर. २. १:१०,००० च्या, खालचा आकडा लहान, तर तपशील जास्त. ३. १ चौरस किलोमीटर. इथे बरीच मुलं २ सांगतात, कारण लांबीबरोबर रुंदीचंही रूपांतर करायचं ती विसरतात.